गुळाची पोस्ट: तारीख आधी, विशेषणं नंतर

ताई, तुमची गूळ विकायची पोस्ट वाचली. "शंभर टक्के शुद्ध आणि ताजा" असं सगळेच लिहितात, त्यावर गिऱ्हाईक थांबत नाही. ताजेपणा तारखेने दाखवा: गुऱ्हाळात काहिल कधी उतरवली ते. आणि रंगाची लाज नको. रंग उजळवणारं हायड्रॉस हे रसायन घातलेला गूळ पिवळाधमक दिसतो. तुमचा तपकिरी आहे, तर तेच आधी सांगा. "सेंद्रिय" हा शब्द मात्र जपून वापरा. प्रमाणपत्र नसेल तर शेतात काय घातलं तेवढंच लिहा.

मी असं लिहीन:

"सांग्यातल्या आमच्या मळ्यातला ऊस, शेणखतावर वाढवलेला. 12 फेब्रुवारीला रस काढला, त्याच दिवशी गूळ केला. मळी काढायला भेंडीचं पाणी, हायड्रॉस नाही, म्हणून रंग गडद. एक किलोची ढेप. तुकडा चाखा, मग घ्या.
#घरचागूळ #सांगेगोवा #हायड्रॉसविना #पातोळ्यांसाठीगूळ"

खाली आणखी एक ओळ हवीच: पावसाळ्यात गूळ पाझरतो, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. मी एकदा ती लिहिली नाही. जूनमध्ये दोन ढेपी परत आल्या, कारण ओल बघून गिऱ्हाइकाला भेसळ वाटली.