सॉरी म्हटलं तरी ती बोलत नाहीये

*"मागच्या रविवारी मामाकडे वास्तुशांतीला गेलो होतो. जेवताना सगळ्यांसमोर मी बायकोच्या नोकरी सोडण्यावरून चेष्टा केली. घरी येऊन जोरदार भांडण. रात्री म्हटलं, 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी, पण मी मस्करी करत होतो आणि तूही दर वेळी मनाला लावून घेतेस.' तेव्हापासून कामापुरतंच बोलते. अजून किती वेळा माफी मागायची?"*

किती वेळा ते नंतर बघू, पहिली अजून व्हायची आहे. जरा तिखट वाटेल, पण तुमचं वाक्य वाचताना मला माझ्या धाकट्या भावाचा आवाज ऐकू आला. मी तुमच्या बायकोच्या जागी होते, त्यामुळे ते वाक्य पलीकडे कसं पोचतं तेवढं सांगू शकते. मी समुपदेशक वगैरे नाही, बँकेत नोकरी करते. पटेल तेवढं घ्या.

आमचं असं झालं. आईला रात्री धाप लागली म्हणून भावाने तिला दवाखान्यात नेलं, आणि मला कळवलं ते डिस्चार्जच्या दिवशी. मी सांगलीहून धावत गेले आणि दवाखान्याच्या जिन्यातच आमचं वाजलं. संध्याकाळी त्याचा फोन आला. "ताई, तुला राग आला असेल तर सॉरी. पण पोरांच्या परीक्षा चालू होत्या, म्हटलं तुला कशाला टेन्शन. आणि तू आलीस की सगळ्यांना फैलावर घेतेस."

फोन येण्याआधी माझं दुखणं एकच होतं, आई दवाखान्यात असताना मला कळवलं नाही. फोननंतर मला राग खरंच आलाय हे पटवून द्यायचं होतं. त्याचा हेतू चांगला असला तरी जे झालं ते झालंच, हेही सांगायचं होतं. आणि वर स्वतःच्या स्वभावाची वकिली करायची होती. माफी मागायला आलेला माणूस तक्रार नोंदवून गेला! यात आणखी एक मेख आहे. भांडणात निदान उलट बोलता तरी येतं. त्याने सॉरी म्हटल्यावर मी रागावले तर नातेवाईक म्हणणार, "अगं, तो म्हणाला ना सॉरी, आता किती ताणशील?" म्हणजे दुखावलेल्या माणसाचा रागावण्याचा हक्कही गेला. मग उरतं ते कामापुरतं बोलणं. तुमच्या घरी तेच चाललंय असं मला वाटतं, अर्थात तिला मी ओळखत नाही.

आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते पुढचं. काकांनी आग्रहाने एका समुपदेशन केंद्रात नेलं, नाव सांगत नाही. तिथल्या बाईंनी दोघांचं थोडं थोडं ऐकलं, टाळी एका हाताने वाजत नाही असं सुनावलं आणि एक छापील कागद पुढे केला: "माझ्याकडून कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं गेलं असल्यास दिलगिरी व्यक्त करते." दोघांनी सह्या करायच्या, हात मिळवायचे. कागदावर दवाखाना नाही, आई नाही, फोन नाही. सही करताना मला असं वाटलं की मी जिन्यात आवाज चढवला आणि त्याने तीन दिवस लपवलं, हे दोन्ही एकाच वजनाचं ठरलं. फी घेतली, पावती दिली, प्रकरण मिटलं म्हणून नोंद झाली असेल. त्या वर्षी भाऊबीज झाली नाही. चांगले समुपदेशक असतात, माझ्या मैत्रिणीला भेटले आहेत. पण घाईघाईने दोघांनाही सॉरी म्हणायला लावणारा दिसला तर उठून या.

सुटलं ते भावाच्याच एका फोनने, बऱ्याच महिन्यांनी. तो म्हणाला, "आईला ॲडमिट केलं त्या रात्रीच तुला फोन करायला हवा होता. मी मुद्दाम केला नाही. तू आलीस की डॉक्टर बदलायला लावशील, असं मला वाटलं. आई तुझीही आहे, ते ठरवणारा मी एकटा कोण?" एवढंच बोलून गप्प बसला. मी बरंच बोलले, जुनं-नवं सगळं काढलं, त्याने मध्ये तोंड घातलं नाही. दुसऱ्या दिवशी आईच्या फाइलीतल्या सगळ्या कागदांचे फोटो व्हॉट्सॲपवर आले, ईसीजीसकट, तेही सरळ धरून काढलेले. आजही तपासणी झाली की तो रिक्षात बसायच्या आत रिपोर्ट पाठवतो.

लक्षात घ्या, कारण याही वेळी त्याने सांगितलंच. पहिलं कारण मला दोषी धरणारं होतं, दुसऱ्याने त्याला स्वतःला उघडं पाडलं. कारण सांगावं की नाही याची माझी कसोटी तेवढीच आहे.

अमेरिकेत रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. माफीतले सहा भाग वेगवेगळे करून कोणता किती पटतो हे त्यांनी 755 लोकांकडून तपासलं. सगळ्यात वजनदार ठरली "चूक माझी" ही कबुली, त्याखालोखाल भरपाईची तयारी. "मला माफ कर" ही विनंती सगळ्यात हलकी ठरली. यातला प्रसंग मात्र नोकरीच्या मुलाखतीला आलेल्या अकाउंटंटचा होता, नवरा-बायकोचा नाही. तेव्हा जपून घ्या.

आता तुमचं. मस्करी होती, हा तुमच्या मनातला भाग. तिच्या वाट्याला आलं ते भरल्या पंगतीतलं हसू. तेव्हा तेच नाव घेऊन सांगा: "तुझ्या नोकरीचा निर्णय मी मामांच्या घरी सगळ्यांसमोर हसण्यावारी नेला. तुझी बाजू घ्यायच्या जागी मीच सुरुवात केली. हे मी करायला नको होतं." पूर्णविराम. "असेल तर" नाही, "पण" नाही. "मीच वाईट, मी नालायक" हेही नको, नाहीतर रडायची पाळी तिची असताना तुमचीच समजूत काढायची वेळ तिच्यावर येते. तिला बोलू द्या. ती साखरपुड्यापासूनचं काढेल, काढू द्या. पुढे काय, याचं उत्तर तिने तिथल्या तिथे द्यावं अशी अपेक्षा नको.

भरपाई मात्र बेडरूममध्ये होणार नाही, कारण अपमान तिथे झाला नव्हता. मामांना आणि त्या पंगतीत जे मोठ्याने हसले त्यांना फोन करून सांगा की त्या दिवशी मी बोललो ते चुकलं, नोकरीचं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं (ठरवलं असेल तरच, खोटं नको). आधी तिला विचारा. काहींना तो विषय पुन्हा निघालेलाच नको असतो, मग गप्प राहणं हीच भरपाई.

ती मनाला लावून घेते हा मुद्दा तुमच्या दृष्टीने खरा असेलही. तो स्वतंत्रपणे, महिन्या-दोन महिन्यांनी काढा. याच आठवड्यात काढलात तर मागचं सगळं वाया.

हे सगळं साध्या घरगुती भांडणापुरतं. जिथे मारहाण आहे, धाक आहे किंवा दर पंधरवड्याला तेच होऊन तीच माफी येते, तिथे माझं काही ऐकू नका, तो विषय वेगळा.

आणि गजरा, साडी, बाहेर जेवायला हे सगळं बोलणं झाल्यावर. आधी आणलंत तर ती साडी कपाटात घडीचीच राहील. माझ्याकडे आहे एक, भावाने त्या पहिल्या फोननंतर कुरिअरने पाठवलेली.