रोडा बॉक्स कुठे लावायचे आणि कुठे मुळीच नाही

प्रश्न: आम्ही तळमजल्यावर राहतो. सोसायटीत उंदीर फार झालेत म्हणून पेस्ट कंट्रोलवाले विषाचे काळे बॉक्स लावणार आहेत. मुलगी दोन वर्षांची आहे आणि घरात लॅब्रेडॉर आहे. बॉक्स नेमके कुठे लावायचे आणि या दोघांना त्यांच्यापासून कसं दूर ठेवायचं?

उत्तर: मी पेस्ट कंट्रोलच्या कामात बरीच वर्षं आहे. माझं पहिलं म्हणणं असं की तुमच्या घराच्या आत विष नकोच, बॉक्स कितीही चांगला असला तरी. विष खाल्लेला उंदीर तीन-चार दिवसांनी, कधी आठवड्याने मरतो आणि शेवटी सुस्त होऊन कपाटामागे नाहीतर सोफ्याखाली पडतो. तो सगळ्यात आधी तुमच्या कुत्र्याला सापडेल. घरात तारेचा पिंजरा लावा आणि मोरीची जाळी, सिंकखालच्या पाइपाभोवतीची फट, दाराखालची जागा बुजवा. विषाचे बॉक्स इमारतीच्या बाहेर.

आता बॉक्सबद्दल. आमच्याकडे त्याला रोडा बॉक्स म्हणतात. चांगल्या बॉक्सचं झाकण चावीशिवाय उघडत नाही. उंदराला आत शिरायला दोन भोकं असतात, पण भोकातून सरळ विषापर्यंत जाता येत नाही, मध्ये आडवी भिंत असते. त्या भिंतीपलीकडे लोखंडी सळईत विषाचा केक ओवलेला असतो. ही सळई फार महत्त्वाची आहे. सुटे दाणे किंवा सुटा केक ठेवला तर उंदीर तो तोंडात धरून बाहेर नेतो आणि बागेत, पायरीखाली टाकतो. मग बॉक्सला कुलूप असून उपयोग काय? म्हणून लावणाऱ्याला बॉक्स बंद करून हलवायला सांगा. आत काही खुळखुळलं तर केक सुटा आहे, तो बॉक्स लावू देऊ नका. मग एक वितीची काडी भोकातून घालून बघा. ती केकला टेकली, तर लहान मुलाची बोटंही तिथे पोहोचू शकतात.

बाजारात पातळ प्लास्टिकचे, नुसत्या खिट्टीवर बंद होणारे बॉक्सही मिळतात. ते लॅब्रेडॉरसमोर टिकणार नाहीत. अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्थेने अशा बॉक्सचे चार दर्जे ठरवले आहेत. पहिल्या दर्जाचा बॉक्स मुलं, कुत्रे आणि ऊनपाऊस या तिन्हींसाठी तपासलेला असतो, दुसऱ्या दर्जाचा फक्त घरात वापरायचा असतो. आपल्याकडे दुकानात असा शिक्का दिसेलच असं नाही, म्हणून प्लास्टिक जाड आहे का आणि झाकण पाय देऊन दाबलं तर उचकतं का, हे स्वतः पाहा.

जागेचं गणित उंदराच्या सवयीवर चालतं. मोठा उंदीर मोकळ्या जागेतून जात नाही, भिंतीला अंग घासत पळतो. त्यामुळे बॉक्स भिंतीला लांबीने टेकवून ठेवायचा, दोन्ही भोकं भिंतीच्या बाजूला. कुठली भिंत, हे लेंड्या, बिळं आणि भिंतीवरचा काळपट तेलकट पट्टा सांगतात. मोठ्या उंदरांसाठी दोन बॉक्समध्ये साधारण पाच ते दहा मीटर अंतर पुरतं. नवीन वस्तू दिसली की उंदीर काही दिवस तिच्याकडे फिरकत नाही, म्हणून ‘खात नाहीत’ म्हणून बॉक्स लगेच हलवू नका. आणि तोंड लांब, अंगाला उग्र वास, असा प्राणी दिसत असेल तर ती चिचुंद्री आहे. ती मुख्यतः किडे खाते, तिच्यासाठी विष लावण्यात अर्थ नाही.

एक उदाहरण देतो. डोंबिवलीतल्या एका सोसायटीत मागच्या बाजूला कचऱ्याच्या कुंड्या, एका कडेला पोरांचं खेळायचं मैदान आणि पार्किंगमध्ये भटकी कुत्री होती. घूस आणि उंदीर दोन्ही होते. कमिटीला चारही बाजूंनी समान अंतरावर बॉक्स हवे होते. आम्ही मैदानाची बाजू पूर्ण सोडली. कुंड्यांमागच्या भिंतीला तीन, मीटर रूममध्ये एक (तिला कुलूप होतं) आणि मागच्या गटारालगत दोन, एवढेच लावले. मैदानाच्या बाजूने येणारे उंदीरसुद्धा खायला कुंड्यांपाशीच येत होते, त्यामुळे त्या बाजूला विषाची गरज नव्हती. सोबत कुंड्यांना झाकणं बसवली. ती बसेपर्यंत केक कमी खाल्ले जात होते, कारण ओला कचरा त्यांना केकपेक्षा जास्त आवडतो.

बॉक्स नुसता ठेवायचा नाही, पक्का करायचा. भिंतीत किंवा फरशीत स्क्रू आतल्या बाजूने मारले की त्यांची डोकी कुलपाआड राहतात. जिथे भोक पाडता येत नाही तिथे जाड पेव्हर ब्लॉकवर चिकटवा, पण कुत्रा ओढून नेऊ शकेल इतका हलका ब्लॉक नको. पावसाळ्यात बॉक्स विटेवर उंच घ्या. पाणी साचणाऱ्या जागेत बॉक्स अजिबात नको, पाण्याबरोबर विषाचे तुकडे कुठेही जातात. झाकणावर नंबर, विषाचं नाव आणि फोन नंबर लिहिलेला हवा.

दर आठवड्याला तपासणी करायची आणि वहीत लिहायचं: कोणत्या नंबरला किती केक होते, किती उरले. केकवर समांतर दातांच्या खुणा असतील तर उंदीर खातोय. पावसाळ्यात कडा गुळगुळीत झिजलेल्या आणि चिकट पट्टा दिसला तर गोगलगाय. बुरशी आलेला केक बदला. वहीमुळे एखादा बॉक्स जागेवर नाही हेही त्याच दिवशी कळतं. चावी एकाच माणसाकडे ठेवा.

कुत्र्यासाठी बॉक्सइतकाच धोका मेलेल्या उंदराचा आहे. रोज सकाळी कोणीतरी आवार फिरून, हातमोजे घालून मेलेले उंदीर उचलावेत आणि पुरावेत. तोवर लॅब्रेडॉरला त्या बाजूला सोडू नका, पट्टा आखूड धरा. मांजरांचं आणि घुबडांचंही तेच, म्हणून केक खाणं थांबलं की विष काढून घ्यायला सांगा, वर्षभर भरून ठेवू नये.

आणि विष कुठलं आहे हे लेखी घ्या. ब्रोमॅडिओलोन ०.००५ टक्के असलेला केक असेल तर निदान विटामिन के-१ हा उतारा आहे. झिंक फॉस्फाइड किंवा पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट असेल तर ठाम नाही म्हणा, त्यांना उतारा नाही.

मुलीने केक तोंडात घातला असं नुसतं वाटलं तरी ओकारी काढू नका, तोंड पुसा, विषाचं पाकीट घ्या आणि डॉक्टरांकडे जा. दिल्लीच्या एम्सचं विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या नंबरवर मोफत सल्ला देतं. ब्रोमॅडिओलोनने रक्त गोठणं बिघडतं, पण ते दोन-तीन दिवसांनी दिसतं. त्यामुळे ती लगेच खेळायला लागली म्हणून निश्चिंत होऊ नका, रक्ताची पीटी-आयएनआर तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा, बहुधा ४८ तासांनी, करून घ्याच. कुत्र्याने खाल्लं तर पशुवैद्याकडे त्याच दिवशी जा. त्याला के-१ काही आठवडे द्यावं लागतं आणि गोळ्या बंद केल्यावरही रक्त पुन्हा तपासावं लागतं.