आजीच्या वाहकाचे आभार मानताना

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

आजीला सुखरूप उतरवून देणाऱ्या वाहकाविषयी तू लिहिलेला मजकूर दोनदा वाचला. तुझी भावना खरी आहे, परंतु तो आहे तसा लोकांपुढे ठेवू नकोस. एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून मी बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे असा मजकूर तिथे कोणत्या नजरेने वाचला जातो हे मला ठाऊक आहे.

तुझे वाक्य असे आहे : 'त्या देवमाणसाने आजीकडून तिकिटाचे पैसेही घेतले नाहीत आणि घराजवळ गाडी थांबवून तिला उतरवले.' हे वाचून तुझ्या मित्रांचे डोळे पाणावतील, पण तपासणी पथकातील माणसाला त्यात दोन कसूर दिसतील, एक विनातिकीट प्रवासी आणि दुसरा थांबा नसताना थांबवलेली गाडी. प्रवाशाला तिकीट न देणे हा वाहकावरचा फार गंभीर आरोप असतो. कामगिरीवर निघताना स्वतःजवळ खासगी रक्कम किती आहे, याचीही नोंद त्याला करावी लागते, कारण तपासणीत रोकड कमी भरली तर जाब द्यावा लागतो आणि जास्त भरली तरीही द्यावा लागतो. इतक्या काटेकोर हिशेबात राहणाऱ्या माणसाविषयी सैल वाक्य लिहिणे बरे नव्हे.

म्हणून मी तुला आजीचे वय विचारले. तिला 78 वर्षे पूर्ण झाली आहेत, म्हणजे ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील नागरिकांना एसटीत जी मोफत प्रवासाची सवलत आहे, ती तिला लागू होती. वाहकाने तिचे आधार कार्ड पाहिले आणि यंत्रातून शून्य रकमेचे तिकीट काढून तिच्या हातात दिले. ते तिकीट तिच्या बटव्यात सापडले, हे तूच मला फोनवर सांगितलेस. तेव्हा पैसे न घेणे ही त्याची मेहेरबानी नव्हती. तो आजीचा हक्क होता आणि त्याने तो नियमाप्रमाणे दिला. आजी उतरली त्या फाट्यावरही एसटीची निवारा शेड आहे, म्हणजे गाडी रीतसर थांब्यावरच थांबली.

मग आभार कशाचे मानायचे? आजीच्या सांगण्यात ते सगळे आहे, तुझ्या मजकुरात मात्र ते आले नाही. अंधार पडला होता, पाऊस होता आणि आजीला खिडकीतून काही ओळखू येत नव्हते. फाटा येण्याआधी वाहक तिच्या आसनापाशी आला आणि तिला घ्यायला कोण येणार आहे, हे त्याने विचारले. तिच्याच फोनवरून त्याने तुला गाडी कुठवर आली ते कळवले. एक घंटी देऊन गाडी थांबवल्यावर तो आधी स्वतः खाली उतरला, पिशवी घेतली आणि मग हात दिला. एसटीची पायरी उंच असते, गुडघे दुखणाऱ्या माणसाचा तोल तिथेच जातो. उतरल्यावर आजी गाडीच्या पुढून रस्ता ओलांडू लागली तेव्हा त्याने तिला थांबवले, कारण गाडीआडून येणारे माणूस मागून पुढे जाणाऱ्या वाहनाला दिसत नाही. तू येऊन तिचा हात धरेपर्यंत त्याने गाडी सोडण्याच्या दोन घंट्या दिल्या नाहीत. मला यातली ही शेवटची गोष्ट सर्वांत मोठी वाटते, कारण भरलेल्या गाडीत उशिरासाठी कुरकुर करणाऱ्यांचे बोलणे वाहकालाच ऐकून घ्यावे लागते.

'देवमाणूस' हा शब्द गाळ. 'एवढ्याशा पगारातही' हे शब्द तर नक्कीच गाळ. पगाराचा उल्लेख आला की वाचणाऱ्याला त्याची कीव येऊ लागते आणि त्याने केलेले चोख काम मागे पडते. त्याला न विचारता काढलेले छायाचित्रही जोडू नकोस. तिकिटावरचा गाडी क्रमांक, तारीख आणि वेळ आगार व्यवस्थापकांच्या नावे वेगळ्या पत्रात कळव, त्यावरून त्या फेरीला कोण होते ते त्यांना समजेल. लोकांपुढे ठेवायचा मजकूर मी असा करून पाहिला आहे :

'परवा संध्याकाळी मेढ्याकडे जाणाऱ्या एसटीने माझी 78 वर्षांची आजी एकटी प्रवास करत होती. पावसात तिला थांबा ओळखता येत नव्हता. वाहकांनी वेळेआधी तिला सावध केले, मला फोन करून कळवले, थांब्यावर आधी स्वतः उतरून तिला हात दिला आणि मी पोहोचेपर्यंत गाडी सोडली नाही. वाहक आणि चालक या दोघांचेही आम्ही सर्व घरचे मनापासून आभार मानतो.'

चालकाचा उल्लेख मी मुद्दाम घातला आहे, घंटी होईपर्यंत तोही ब्रेकवर पाय ठेवून बसला होता. मजकूर आधी आजीला वाचून दाखव, आणि तिला काही वेगळे आठवले तर तिचेच खरे धर.

तुझा,
काका