रोजनाम्यात काय लिहिशील?

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

न्यायाधीशपदासाठीच्या रविवारच्या सराव-मुलाखतीनंतर तू विचारलेस, "मग बरोबर उत्तर कोणते होते?" या प्रश्नाने मी दोन दिवस अस्वस्थ आहे, म्हणून हे पत्र.

प्रसंग असा दिला होता: तू तालुक्याच्या गावी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर आहेस. ज्यांच्या हाताखाली तू वकिली शिकलीस ते रात्री फोन करून म्हणतात, "उद्या तूर्तातूर्त मनाईचा अर्ज आहे, जरा लक्ष असू दे." तू उत्तर दिलेस, "मी दबावाला बळी पडणार नाही." हा तुझा निर्धार झाला, उत्तर नव्हे. रोजनाम्यात, म्हणजे दाव्याच्या दैनंदिन कामकाजाच्या नोंदीत, काय लिहिशील, ते सांग.

दडपण येताच तू म्हणालीस, "दावा दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग करीन." तो अधिकार तुझा नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 24 प्रमाणे तो उच्च न्यायालयाचा किंवा जिल्हा न्यायालयाचा आहे. तू प्रधान जिल्हा न्यायाधीशांना लेखी अहवाल पाठवू शकतेस. खऱ्या मुलाखतीत समोर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बसलेले असताना ही चूक झाकली जात नाही. शिवाय नको असलेल्या न्यायाधीशाला बाजूला सारण्यासाठीही कोणी मुद्दाम फोन करवतो, हेही तुला सुचायला हवे होते.

मग मी एकच तपशील बदलला: प्रतिवादी उद्या दुपारी भिंत पाडणार आहे. तू गप्प झालीस. अशा वेळी गावात दुसरे न्यायाधीश उपलब्ध आहेत का, हे आधी पाहायचे आणि प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडून त्याच दिवशी निर्देश मागायचे. काहीच शक्य नसेल, तर अर्जाचे कागद पाहून, गरज पटली तरच, थोड्या मुदतीचा 'जैसे थे' आदेश सकारण द्यायचा. नोटिशीविना आदेश होत असल्याने प्रतिवादी समोर नसतो. फोन आल्याचे त्याला कळण्याचा मार्ग म्हणजे तुझी रोजनाम्यातील नोंद. म्हणून मी पुन्हा विचारतो, रोजनाम्यात काय लिहिशील?

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मला असाच फोन आला. मी तो तोडला, आदेश गुणवत्तेवर दिला, आणि नोंद केली नाही. ज्येष्ठांची बेअब्रू नको, असे मला वाटले. पुढे विरुद्ध पक्षाला फोनची कुणकुण लागली आणि त्याने दावा दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग करण्यासाठी अर्ज केला. माझ्याजवळ दाखवायला एक ओळही नव्हती. आदेश बरोबर होता, अपिलातही टिकला, हे मी आजही ठामपणे सांगतो. परंतु त्या पक्षकाराचा विश्वास उडाला तो परत आला नाही.

मुलाखतीचे गुण 50 आहेत. येत्या रविवारी आम्ही तिघे बसू. एक जण केवळ कपाळाला आठ्या घालील. त्या पाहून तू उत्तर बदललेस, तर तिथेच थांबवीन. येताना या प्रसंगाची रोजनाम्यातील नोंद पाच ओळींत, तारखेसह लिहून आण.