नकाशा देण्याआधी मोजणी

भाऊ, घराच्या बांधकाम परवानगीसाठी कागद सातबारापासून लावा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कर आकारणीचा उतारा. त्यावर नाव आहे म्हणून जागा आपली ठरत नाही. सातबारावर अजून आजोबाच असतील, तर वारसाचा फेरफार आधी करून घ्या. गावठाणाबाहेरचा प्लॉट असेल तर अकृषिक आदेश किंवा सनद असेल ती जोडा.

मग भूमी अभिलेखची मोजणी. समजा सातबारावर १५० चौरस मीटर आहे, मोजणीच्या ‘क’ प्रतीत १३८ निघाले. बांधकामाचं गणित कमी आकड्यावरच होतं. आधीच १५० धरून काढलेला नकाशा परत येतो, पुन्हा काढायचा खर्च पडतो. म्हणून परवानाधारक अभियंत्याच्या हाती ‘क’ प्रत पहिले द्या.

परवानगीपत्र आणि शिक्क्याचा नकाशा जपून ठेवा, शेवटी तोच लागतो. अभियंत्याचा पूर्णत्वाचा दाखला जोडून भोगवटा प्रमाणपत्र मागायचं. तिथं अडकतं ते मागाहून वाढवलेल्या न्हाणीमुळं: नकाशात मागं मोकळी जागा, प्रत्यक्षात कुंपणाला टेकलेली भिंत. जिना वा संडास हलवायचा असेल तर सुधारित नकाशा आधी मंजूर करून घ्या, वीट नंतर.