मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ईआरपीमध्ये फंक्शनल कन्सल्टंट व्हावं की टेक्निकल? कॉमर्सवाल्याला टेक्निकलमध्ये जास्त स्कोप आहे असं ऐकलं, खरंय का?

ज्याने तुला हे सांगितलं तो बहुतेक टेक्निकलवालाच असणार. मी स्वतः कॉमर्सचा, सॅपच्या फायनान्स मॉड्यूलमध्ये फंक्शनल. आमच्या एका प्रोजेक्टवरचा टेक्निकल लीड सगळ्यांसमोर म्हणायचा, फंक्शनलवाले म्हणजे क्लायंटची ई-मेल आम्हाला फॉरवर्ड करणारे पोस्टमन, कोड आम्ही लिहितो, पगार हे घेतात. त्यामुळे माझं उत्तर निष्पक्ष असेल अशी अपेक्षा ठेवू नकोस.

त्याच प्रोजेक्टवरचं एक प्रकरण सांगतो, फरक त्यातच कळेल. मंथ एंडला जीआर-आयआर, म्हणजे गुड्स रिसीट-इन्व्हॉइस रिसीट, खात्यात भलीमोठी क्रेडिट शिल्लक दिसायला लागली आणि दर महिन्याला वाढतच चालली. हे खातं मधल्या काळापुरतं असतं. माल गोडाऊनमध्ये आला की स्टोअरवाला MIGO या सॅपच्या ट्रॅन्झॅक्शनमध्ये नोंद करतो, तेव्हा स्टॉक डेबिट आणि जीआर-आयआर क्रेडिट होतं. मग बिल आलं की अकाउंट्सवाला MIRO करतो, तेव्हा जीआर-आयआर डेबिट आणि व्हेंडर क्रेडिट. दोन्ही झालं की शिल्लक शून्य. क्रेडिट शिल्लक उरली म्हणजे माल आलाय पण बिल लागलेलं नाही, असा अर्थ घ्यायचा.

क्लायंटचा फायनान्स हेड म्हणाला तुमचा रिपोर्ट चुकीचा आहे. टेक्निकल लीडने कोड तपासला, बेरीज FBL3N मधल्या खात्याच्या एन्ट्र्यांशी जुळवून दाखवली, आणि म्हणाला रिपोर्ट बरोबर आहे, तिकीट क्लोज करा. आता गंमत बघ, तो शंभर टक्के बरोबर होता. पण क्लायंटचा प्रश्न बेरजेचा नव्हताच, ती शिल्लक का उरते हा होता.

मी खात्यातल्या जुन्या एन्ट्र्या घेतल्या आणि एकेक पर्चेस ऑर्डर ME23N मध्ये उघडून हिस्टरी बघत बसलो. एका ऑर्डरमध्ये 100 नग, दर 500, म्हणजे 50,000 ची माल आल्याची एन्ट्री होती, बिलाची ओळच नाही. म्हटलं बिल आलं नसेल. मग FBL1N मध्ये त्या व्हेंडरचं खातं उघडलं, तर 52,000 चं बिल व्यवस्थित लागलेलं आणि पेमेंटसुद्धा झालेलं! डॉक्युमेंट टाइप बघितला तर KR. MIRO मधून आलेलं बिल असतं तर आमच्याकडे RE दिसायला हवं होतं. म्हणजे कोणीतरी FB60 मधून ऑर्डरचा संबंधच न लावता थेट खर्चात टाकलेलं.

का टाकलं? तर ऑर्डरचा दर 500 आणि बिलाचा 520. MIRO केलं की असा फरक टॉलरन्सच्या बाहेर जातो आणि पेमेंट ब्लॉक होतं, पर्चेसवाल्याने मान्य करेपर्यंत. इकडे व्हेंडरचे रोज फोन. FB60 काहीच विचारत नाही, म्हणून अकाउंट्सच्या मुलाने सोपा रस्ता धरला. परिणाम असा की स्टॉकमध्ये 50,000, खर्चात 52,000, एकच माल पुस्तकात दोनदा. आणि समोर 50,000 चं देणं, जे मुळात अस्तित्वातच नाही.

हे दाखवल्यावर आमचे लीडसाहेब काय म्हणाले असतील? "मग MR11 मारून टाका, शिल्लक जाईल." जाईल ना! MR11 जीआर-आयआर डेबिट करेल आणि ते 50,000 स्टॉकच्या किमतीतून काढून घेईल, कारण तो माल मूव्हिंग ॲव्हरेजवर होता. खातं स्वच्छ, पण गोडाऊनमध्ये 100 नग पडलेले आणि त्यांची किंमत गायब, सगळा भार खर्चावर. ऑडिटरने स्टॉकचं व्हॅल्युएशन काढलं की पुन्हा बोंब. MR11 असते ती बिल खरंच येणार नसेल किंवा नगांमध्ये किरकोळ फरक असेल तेव्हासाठी. इथे बरोबर उपाय म्हणजे FB60 ची एन्ट्री रिव्हर्स करायची (आधी केलेलं पेमेंट क्लिअरिंगमधून सोडवून घ्यावं लागतं, कटकटीचं काम आहे) आणि तेच बिल MIRO मधून घ्यायचं. मग जीआर-आयआर 50,000 ने डेबिट, वरचे 2,000 स्टॉकला, व्हेंडर 52,000 ने क्रेडिट.

हे सगळं तुला वाचता वाचता कळलं असेल तर तू फंक्शनलचा माणूस आहेस, कारण यात कोडची एक ओळ नाही, निव्वळ डेबिट-क्रेडिट आणि लोक शॉर्टकट का मारतात याची समज आहे. "पोस्टमन" म्हणे.

आता इमानदारीत सांगायचं तर पुढचा भाग टेक्निकलशिवाय झाला नसता. पुन्हा असं होऊ नये म्हणून OB28 मध्ये व्हॅलिडेशन लावायचं ठरलं, की व्हेंडरचा माल आलेला पण बिल न लागलेला असेल तर FB60 ने अडवायचं. मी स्पेक लिहिला, पण ऑर्डरच्या टेबलात जाऊन बघणं साध्या कॉन्फिगरेशनमध्ये बसत नाही, एक्झिट म्हणजे वेगळा कोड लिहावा लागतो, तिथे अबॅप ही सॅपची प्रोग्रामिंग भाषा लागते. तो लिहिणाऱ्या डेव्हलपर मुलीने स्पेक वाचून पहिलाच प्रश्न विचारला, याच व्हेंडरचं ऑर्डर नसलेलं दुरुस्तीचं बिल आलं तर तेही अडवायचं का? म्हणून आम्ही एररऐवजी वॉर्निंग ठेवली. चांगला टेक्निकल माणूस असा असतो. आमच्या लीडने कधी असा प्रश्न विचारलेला मला तरी आठवत नाही.

तर तुझ्यासाठी. फंक्शनलमध्ये फ्रेशरला थेट कन्सल्टंट म्हणून घेणारे कमीच, क्लासचं सर्टिफिकेट दाखवून तर नाहीच. त्यापेक्षा जिथे ईआरपी चालतं अशा कंपनीत अकाउंट्स पेएबलला लाग, क्लोजिंग कर, की-यूजर हो, नवीन रोलआउट आला की टेस्टिंगमध्ये हात वर कर, तिथून कन्सल्टिंगमध्ये उडी सोपी जाते. पुढे मॉड्यूल लीड, मग सोल्यूशन आर्किटेक्ट किंवा प्रोजेक्ट मॅनेजर. टेक्निकलमध्ये सुरुवात लवकर मिळते आणि प्रोग्रामिंगची सवय ईआरपीच्या बाहेरही चालते, हा त्यांचा खरा फायदा, नाकारत नाही. कोड लिहायला मनापासून आवडत असेल तर बी.कॉम. आडवं येत नाही, फक्त "स्कोप"साठी जाऊ नकोस. आणि हे सगळं मी मोठ्या कंपन्यांतल्या सॅपवरून बोलतोय, ओडूसारख्या ईआरपीत बऱ्याचदा एकच माणूस दोन्ही करतो, तिथे थोडं पायथन आलंच पाहिजे.

फंक्शनलला गेलास तरी अबॅप वाचता येण्याइतपत शीक. एरर आली की कमांड फील्डमध्ये /h टाकून डीबगर उघडायचा आणि कुठल्या अटीवर अडलंय ते स्वतः बघून मगच तिकीट पाठवायचं, म्हणजे तुला कोणी पोस्टमन म्हणायची सोय राहणार नाही.