अडीच वर्षांत बी.ए. केलं तर प्रयत्न वाढतो का?

*माझा मुलगा पुण्यात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. आता दुसऱ्या सत्राची परीक्षा झाली. पहिल्या सत्रात एक पेपर राहिला, पण तो निघेल. त्याला यूपीएससी करायची आहे. यूजीसीने आता तीन वर्षांची पदवी अडीच वर्षांत घेता येते असं केलं आहे. तसं केलं तर एक प्रयत्न जास्त मिळेल आणि सहाव्या सत्राची फीही वाचेल. कॉलेजची वर्षाची फी १४ हजार, खोली आणि मेस महिन्याला ९ हजार. त्याची जन्मतारीख ११ नोव्हेंबर २००६, प्रवर्ग खुला. अर्ज कसा करायचा ते सांगा. त्याच्यासाठी बनवलेलं वेळापत्रक सोबत जोडलं आहे. — एक पालक, धाराशिव जिल्हा*

वेळापत्रक आधी पाहिलं. पहाटे साडेचारला उठणं, रात्री अकराला झोपणं, जेवणाला वीस मिनिटं. रविवारच्या चौकटीत 'टेस्ट' लिहिलंय आणि खाली लाल शाईत 'मोबाइल बंद'. अक्षर तुमचं आहे, कारण पत्राचंही तेच आहे. दोन पानांच्या मजकुरात मुलाचं म्हणून एकही वाक्य सापडलं नाही. 'त्याला यूपीएससी करायची आहे' हे वाक्यसुद्धा तुमचंच.

आता प्रयत्नाचा हिशोब, कारण तुमचा सगळा बेत त्याच्यावर उभा आहे. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला त्या वर्षाच्या १ ऑगस्टला वय २१ पूर्ण लागतं. तुमचा मुलगा १ ऑगस्ट २०२७ ला २० वर्षांचा असेल, म्हणजे २०२७ ची परीक्षा त्याला देताच येत नाही, पदवी हातात असो वा नसो. पहिली संधी २०२८ ची. नेहमीच्या गतीने शिकला तर त्या वर्षी पूर्वपरीक्षेच्या वेळी तो सहाव्या सत्रात असेल आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पूर्वपरीक्षेचा अर्ज भरता येतो. पदवी उत्तीर्ण झाल्याचा पुरावा मुख्य परीक्षेच्या अर्जाच्या वेळी द्यायचा असतो. अडीच वर्षांत पदवी घेतली तरी पहिली संधी २०२८ चीच. मिळालेले जास्तीचे प्रयत्न: शून्य. आणि वय निघून चाललंय म्हणाल, तर खुल्या प्रवर्गाला ३२ च्या आतली मर्यादा धरून तो २०३८ पर्यंत बसू शकतो. अकरा वर्षांत सहा प्रयत्न वापरायचे आहेत. (एमपीएससीचं किमान वय १९ आहे, तिथे गणित वेगळं होईल, पण पत्रात तिचा विषय नाही.)

एक गोष्ट मात्र खरी. पदवी डिसेंबर २०२७ मध्ये संपली तर पूर्वपरीक्षेआधीचे चार-पाच महिने मोकळे मिळतील. फायदा तेवढाच आहे. त्याची किंमत त्याआधीच्या दीड वर्षात मोजावी लागते.

तुमच्यासारखा गैरसमज बऱ्याच घरांत आहे. लोकांना वाटतं, प्रत्येक विषयाला मिळणारे क्रेडिट म्हणजे बँकेतले पैसे, लवकर भरले की खातं लवकर पूर्ण. यूजीसीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या कार्यपद्धतीत पदवीचा अभ्यास कमी केलेला नाही, फक्त कालावधी कमी केलाय. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट आहेत, सत्राला साधारण २०-२२. मुलाची दोन सत्रं झाली. सत्राला २२ धरले तर उरले ८८, ते चारऐवजी तीन सत्रांत बसवायचे. म्हणजे सत्राला २२ च्या जागी २९ च्या वर. लेखी विषयाचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास शिकवणं, साधारण आठवड्याला एक तास, तेव्हा हा भार आठवड्याला सात-साडेसात जादा तास, आणि त्यांचा अभ्यास वेगळा. कागदावर हे जमण्यासारखं वाटतं. अडचण वेळापत्रकात आहे. सहाव्या सत्राचे विषय कॉलेज जानेवारी ते मे या काळातच शिकवतं. तुमच्या मुलाच्या वाट्याला तो काळ आता एकदाच येणार, चौथ्या सत्रात. म्हणजे चौथ्याचे आणि सहाव्याचे विषय एकाच वेळी, बहुतेक एकाच तासाला वेगवेगळ्या वर्गांत. काही विषय 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवरून करता येतात, सत्रातल्या अभ्यासक्रमांच्या ४० टक्क्यांपर्यंत, पण तो कोर्स विद्यापीठाने मान्य केलेला हवा. शिवाय सहाव्या सत्रात चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग आहे, ते तर कुठेतरी प्रत्यक्ष जाऊनच करावं लागतं.

पात्रतेचं थोडक्यात. अर्ज पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या शेवटीच करता येतो, नंतर नाही. कॉलेजची समिती त्या सत्रांतली कामगिरी पाहून ठरवते आणि दर सत्राला किती क्रेडिट घ्यायचे तेही तिथेच ठरतं. मंजूर जागांच्या जास्तीत जास्त दहा टक्के जागा यासाठी ठेवता येतात. 'ठेवता येतात', ठेवल्याच पाहिजेत असं नाही. तेव्हा कॉलेजमध्ये अशी समिती आहे का, हा पहिला प्रश्न. आणि तीन वर्षांच्या पदवीत फार तर एक सत्र कमी होतं.

ज्या मुलाचा पहिल्याच सत्रात पेपर राहिलाय, त्याचा अर्ज समितीपुढे टिकेल असं मला वाटत नाही. टिकला तर मला जास्त काळजी वाटेल. तो जुना पेपर, चालू सत्राचे पेपर आणि वरून सहाव्याचे. याच कार्यपद्धतीत दुसरी सोयही आहे, तिच्याकडे कुणी पालक पाहत नाही: सत्राला कमी क्रेडिट घेऊन पदवी सावकाश पूर्ण करायची. ती घ्याच असं म्हणत नाही. यूजीसीला जे सुचलं ते तुम्हालाही सुचायला हरकत नव्हती, एवढंच.

फीचं तुम्ही धरलंय तसं होत नाही. पाचवं सत्र तिसऱ्या वर्षात येतं आणि बहुतेक कॉलेजं वर्षाची फी प्रवेशालाच घेतात. जुलै २०२७ मध्ये १४ हजार भरले की सहावं सत्र न केल्याने त्यातले सात हजार परत येतील असं धरू नका. ते फक्त फी सत्रवार आकारणाऱ्या कॉलेजात शक्य आहे, आणि तिथेही जादा क्रेडिटची जादा फी लावतात का ते लेखी विचारा. परीक्षा फी आणि स्वयंच्या परीक्षेची फी वेगळी. खरी बचत खोली-मेसची, पाच महिन्यांचे ४५ हजार. पण ते वाचतील कधी? पदवी झाल्यावर मुलगा धाराशिवला परत आला तरच. तो पुण्यातच राहून क्लास आणि अभ्यासिका लावणार असेल, तर खोलीभाडं आणि मेस चालूच, वर अभ्यासिकेची फी.

म्हणून अर्ज कसा करायचा ते मी सांगत नाही. करू नका. त्यापेक्षा या सुट्टीत राहिलेला पेपर आधी काढायला लावा, आणि वेळापत्रक त्याच्या हाताने लिहू द्या, साडेचार ऐवजी साडेसहा लिहिलं तरी चालेल. २०२८ ला अजून दोन वर्षं आहेत. रोजचं वर्तमानपत्र आणि एनसीईआरटीची पुस्तकं बी.ए. करता करता होतात, त्यासाठी सत्र कापावं लागत नाही.

राहिलेला पेपर कोणत्या विषयाचा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तो का राहिला, तेही नाही. ते त्याला विचारा आणि पुढचं पत्र त्यालाच लिहायला सांगा.